लॅमिनेट केलेल्या तक्त्याच्या फोटोतून अनुस्वार, रफार आणि आकडे का गळतात

प्रश्न: ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सेवा हमी कायद्याखालच्या सेवांचा तक्ता लावला आहे, ए-३ आडवा, लॅमिनेट केलेला. समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट आहे. मोबाइलने दोन फोटो काढले. पहिल्यात मधोमध आडवा पांढरा पट्टा आलाय. दुसऱ्यात पट्टा खाली सरकलाय, पण उजवीकडे माझी सावली पडलीय. मजकूर टाइप करून हवा म्हणून फोटो ओसीआरमधून काढला, तर ‘मंजूर’चे ‘मजूर’ झाले, ‘कार्य’चे ‘काय’, आणि मुदतीच्या रकान्यात ‘१५’ऐवजी नुसता ‘५’. शाई सगळीकडे सारखीच ठळक आहे. मग नेमकी हीच अक्षरे का जातात? आहे त्या फोटोंतून काय वाचवता येईल, आणि पुन्हा गेलो तर फोटो कसा काढू?

उत्तर:

दोन्ही फोटो पुसू नका. तुम्ही सांगता तसा पट्टा खरोखर दोन वेगळ्या जागी असेल, तर बहुतेक मजकूर या दोन फोटोंतूनच परत मिळेल. मात्र आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सावली आणि चकाकी दोन्हींमुळे अक्षरे गळतात, पण सावली प्रकाशाला भागते आणि चकाकी प्रकाशात भर घालते. सावलीत कागदही काळवंडतो आणि शाईही, दोन्ही एकाच पटीने, त्यामुळे अक्षर तिथेच असते, फक्त अंधारात. चकाकीत कागदावर आणि शाईवर सारखाच जादा प्रकाश येऊन बसतो आणि त्यांच्यातला फरक बुजतो. म्हणून सावलीतले अक्षर जवळजवळ नेहमी परत मिळते, आणि चकाकीतले एका मर्यादेपलीकडे अजिबात मिळत नाही.

ही मर्यादा आकड्यांत पाहू. ग्रामपंचायतीच्या खोलीत तक्त्यावर ३०० लक्स उजेड पडतो असे धरा. पांढरा कागद त्यातला सुमारे ८० टक्के परत फेकतो, म्हणजे त्याची उजळी साधारण ७६ कॅन्डेला प्रति चौरस मीटर होते. काळी शाई जेमतेम ४ टक्के परत फेकते, तिची उजळी ४ च्या आसपास. कागद शाईच्या एकोणीस पट उजळ, म्हणून अक्षर स्वच्छ दिसते. आता वरचे लॅमिनेशन. हा पॉलिएस्टरचा गुळगुळीत पापुद्रा असतो आणि आत त्याला कागदाशी चिकटवणारा थर. समोरून पाहिले तर हा पापुद्रा त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला पाच टक्क्यांच्या आसपास भाग आरशासारखा परत पाठवतो. पाच टक्के कमी वाटतात, पण चालू ट्यूबच्या पृष्ठभागाची उजळी १०,००० च्या घरात असते. त्याचे पाच टक्के म्हणजे ५००. जिथे ट्यूबचे प्रतिबिंब पडते तिथे कागद ५७६ होतो आणि शाई ५०४. एकोणीस पटींचा फरक सव्वा पटीहूनही खाली येतो. मोबाइलने उर्वरित कागदाला धरून एक्स्पोजर ठरवलेले असते, त्यामुळे ५७६ आणि ५०४ हे दोन्ही त्याच्या कमाल मर्यादेच्या वर जातात आणि फाइलमध्ये दोन्हींच्या जागी एकच आकडा लिहिला जातो, २५५, म्हणजे सर्वांत पांढरा. तिथली शाई कितीही ठळक असली तरी फाइलमध्ये ती नोंदलेलीच नाही.

हाच हिशोब तुमच्या पांढऱ्या शर्टाला लावून पाहा. शर्ट त्याच खोलीत असेल तर त्याची उजळी कागदाइतकीच, ७६, आणि त्याचे पाच टक्के जेमतेम ४. शाई ४ ची ८ होते, अक्षराला काही होत नाही. म्हणजे समोर काय आहे याहून ते किती उजळ आहे हे महत्त्वाचे. ट्यूब, उघडी खिडकी, दारातून दिसणारे उन्हातले अंगण, मोबाइलचा फ्लॅश, हे चौघे खरे अपराधी. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा पांढरा शर्टही त्यांतच येतो, म्हणून ओसरीवर लावलेल्या नोटिशीचा फोटो काढताना स्वतः सावलीत उभे राहावे.

हीच अक्षरे का

ट्यूब बहुधा भिंतीवर आडवी लावलेली असते आणि मजकूरही आडवा. त्यामुळे तिचे प्रतिबिंब ओळीला समांतर पडते. जुन्या पद्धतीची ट्यूब सुमारे २६ मिलिमीटर जाड असते. ती तक्त्यापासून ३ मीटरवर आणि मोबाइल १ मीटरवर असेल, तर तक्त्यावर तिच्या प्रतिबिंबाची जाडी २६ च्या चौथा हिस्सा, म्हणजे साडेसहा मिलिमीटर होते. चौदा पॉइंटच्या मराठी मजकुराची एक ओळ वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत जवळपास एवढीच असते. पट्टा बरोबर ओळीवर बसला तर ती सगळी ओळ जाते, आणि ते लगेच लक्षात येते. खरा धोका पट्टा अर्धा वर बसण्यात आहे. तेव्हा शिरोरेषा आणि तिच्या वरचे सगळे जाते, खालचे अंग शाबूत राहते.

मराठी लिपीत शिरोरेषेच्या वरच अनुस्वार असतो, रफार असतो, मात्रा असतात, वेलांटीचा गोल असतो. वरचा भाग गेला की ‘नोंदणी’चे ‘नादणा’ उरते, कारण ओकाराची मात्रा जाऊन नुसता काना राहतो आणि दुसऱ्या वेलांटीचा गोल जाऊन तिचाही कानाच होतो. ‘कार्यालय’चे ‘कायालय’ होते. उकार आणि ‘मृत्यू’मधला ऋकार मात्र टिकतात, कारण ते खाली असतात. ‘दाखला’, ‘वापर’, ‘तपासणार’ अशा शब्दांना वर काहीच नसते, म्हणून ते जसेच्या तसे वाचले जातात आणि आसपासचेही बरोबर असणार असा भास होतो.

‘मंजूर’ आणि ‘मजूर’ ही जोडी म्हणूनच वाईट. दोन्ही मराठी शब्द आहेत, दोन्हींत ऊकार दीर्घ, फरक फक्त एका टिंबाचा. ‘कार्य’ आणि ‘काय’, ‘मार्ग’ आणि ‘माग’ तसेच. ‘नादणा’ कुठल्याही शुद्धलेखन तपासणीत पकडले जाईल, ‘मजूर’ कधीच पकडले जाणार नाही. त्यातच ओसीआर एकेक अक्षर सुटे वाचत नाही. आजूबाजूच्या अक्षरांवरून संभाव्य शब्द जुळवते. अर्धवट दिसणाऱ्या शब्दाच्या जागी त्याला ठाऊक असलेला पूर्ण शब्द बसवते, आणि तो किती खात्रीने वाचला याचा गुणही वरचा देते. त्यामुळे त्या गुणावर विसंबू नका.

आकड्यांची गोष्ट वेगळी. त्यांना शिरोरेषा नसते, त्यामुळे ‘इथे एक अक्षर होते’ हे सांगणारी रेघ मागे उरत नाही. ‘१५’मधला ‘१’ चकाकीखाली गेला की तिथे नुसती मोकळी जागा दिसते, आणि रकान्यात आकड्याच्या आधी मोकळी जागा असणे स्वाभाविकच. ‘५’ हाही पूर्ण, अर्थपूर्ण आकडा आहे, शब्दसंग्रह त्याला अडवू शकत नाही. ‘३०’चा ‘३’ होणे याहून सोपे, कारण छापील शून्य लहान असते आणि ओसीआर त्याला डाग समजून टाकूनही देऊ शकते. सेवा हमीच्या तक्त्यात मुदत म्हणजे दिवस, आणि त्या दिवसांवरच नागरिक अपील करायचे की नाही हे ठरवतो. म्हणून या तक्त्यात मुदतीचा रकाना ओसीआरवर सोडूच नका. ओळी फार तर वीस-पंचवीस असतील, ते आकडे दोन्ही फोटो मोठे करून डोळ्यांनी वाचा आणि हाताने टाइप करा.

आता सावली. तुमच्या अंगाच्या सावलीत उजेड एक-तृतीयांश झाला असे धरू. कागद ७६ चा २५ होतो, शाई ४ ची सव्वा. फरक अजूनही एकोणीस पटच. फाइलमधला आकडा उजळीच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे तिथे उजेडातला कागद २०० वर असेल तर सावलीतला साधारण १२० वर येतो. उजेडातली शाई ५० च्या आसपास आणि सावलीतली ३० च्या. माणसाला हे सहज वाचता येते. पण टेसरॅक्टसारखे ओसीआर वाचण्याआधी फोटो निव्वळ काळा-पांढरा करते आणि नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी साऱ्या पानाला एकच सीमारेषा लावते. ती १२५ वर पडली तर सावलीतला कागदच काळ्या बाजूला जातो आणि तो कोपरा शाई सांडल्यासारखा होतो. ती १०० वर पडली तर काहीच बिघडत नाही. म्हणूनच एका फोटोत सावली त्रास देते आणि तशाच दुसऱ्या फोटोत देत नाही.

सावलीचे एक नुकसान मात्र खरे आहे. अंधाऱ्या भागात फोटोत दाणे येतात, मोबाइल ते पुसण्यासाठी चित्र आपोआप गुळगुळीत करतो, आणि त्या घासण्यात सर्वांत लहान खूण आधी जाते, म्हणजे अनुस्वार. चौदा पॉइंटच्या मजकुरात अनुस्वाराचे टिंब पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. ए-३ ची लांब बाजू, ४२० मिलिमीटर, ४००० पिक्सेलमध्ये आली तर टिंबाला सातेक पिक्सेल मिळतात आणि ते तग धरते. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवला तर लांबी १६०० च्या आसपास उतरते आणि टिंबाला तीनच पिक्सेल उरतात. मग सावली नसली तरी ते डगमगते. फोटो कुणाला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आहे त्या दोन फोटोंचे काय करायचे

पहिली पायरी तपासणीची. मूळ फाइल उघडा. स्कॅनर ॲपने ‘सुधारलेली’ नको, कारण ती ॲप्स फिकट भाग पांढरा करून टाकतात आणि पट्ट्याच्या कडेला उरलेली अंधुक शाई त्यात कायमची जाते. पट्ट्याच्या आत चित्र मोठे करा आणि रंग मोजणाऱ्या ड्रॉपरने पाच-सहा ठिकाणी आकडे घ्या. सगळीकडे २५५, २५५, २५५ येत असेल तर त्या भागात काही उरलेले नाही, कुठलेही फिल्टर ते आणणार नाही. आकडे २३५ आणि २५० असे हलत असतील तर अक्षर फिकट का होईना, आहे.

दुसरी पायरी दोन्ही फोटोंतली सावली काढण्याची. प्रत्येक जागी कागद किती उजळ आहे याचा अंदाज घ्यायचा आणि फोटोला त्याने भागायचे. सावलीने भागलेले आपण गुणून परत आणतो, एवढेच. पायथन आणि ओपनसीव्ही असेल तर दोन्ही फोटोंना a.jpg आणि b.jpg अशी नावे द्या, मग हे पुरेसे आहे:

```python
import cv2
for n in ("a", "b"):
    g = cv2.imread(n + ".jpg", 0)
    k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (61, 61))
    bg = cv2.morphologyEx(g, cv2.MORPH_CLOSE, k)
    bg = cv2.GaussianBlur(bg, (15, 15), 0)
    cv2.imwrite(n + ".png", cv2.divide(g, bg, scale=255))
```

इथला ६१ हा आकडा अक्षराच्या रेघेच्या जाडीहून बराच मोठा आणि सावलीच्या रुंदीहून बराच लहान असावा लागतो. तो लहान ठेवला तर ठळक शीर्षकांची अक्षरे आतून पोकळ होतात, त्यावरून लगेच कळते. तसे झाले तर ९१ करून पाहा. खिडकीच्या गजांच्या बारीक सावल्या असतील तर हा उपाय अपुरा पडतो, कारण त्या सावल्यांच्या कडा जवळपास शिरोरेषेइतक्याच तीक्ष्ण असतात. तुमची सावली अंगाची आहे, मऊ कडांची, तिला हे चालेल.

तिसरी पायरी दोन फोटो एकमेकांवर बसवण्याची. चकाकी फक्त भर घालते, कधी वजा करत नाही, त्यामुळे एकाच जागेच्या दोन नोंदींपैकी जी गडद ती खरी. सावली आधीच काढली असल्याने दोन्हींत कोरा कागद पांढरा आहे. आता प्रत्येक बिंदूला दोन्हींतला गडद आकडा उचलायचा. क्रम उलटा केला, म्हणजे सावली न काढता गडद निवडत गेलो, तर दुसऱ्या फोटोतली सावली जशीच्या तशी निकालात येऊन बसेल.

```python
import cv2, numpy as np
a = cv2.imread("a.png", 0)
b = cv2.imread("b.png", 0)
orb = cv2.ORB_create(5000)
ka, da = orb.detectAndCompute(a, None)
kb, db = orb.detectAndCompute(b, None)
m = cv2.BFMatcher(cv2.NORM_HAMMING, crossCheck=True).match(db, da)
p = np.float32([kb[x.queryIdx].pt for x in m])
q = np.float32([ka[x.trainIdx].pt for x in m])
H, _ = cv2.findHomography(p, q, cv2.RANSAC, 3.0)
b2 = cv2.warpPerspective(b, H, a.shape[::-1], borderValue=255)
cv2.imwrite("ekatra.png", cv2.min(a, b2))
```

निकालात पट्ट्याच्या दोन्ही कडांना राखाडी झालर दिसू शकते. तिची काळजी करू नका, पुढच्या पायरीत ती निघून जाते. काळजी करायची ती दुहेरी अक्षरांची. ही जुळवणी तक्ता पूर्ण सपाट आहे असे धरून चालते, आणि लॅमिनेट केलेला कागद क्वचितच पूर्ण सपाट असतो. कोपरे वळतात, मध्ये पोट येते. अशा जागी दोन फोटो दोन-तीन पिक्सेल सरकून बसतात, रेघा जाड होतात, आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो किंवा एकाची दोन टिंबे होतात. कोपऱ्यांतले शब्द मोठे करून पाहा. तिथे दुहेरीपण दिसले तर तेवढा भाग मूळ फोटोंपैकी ज्यात चकाकी नाही त्यातून वेगळा कापून घ्या.

कोड चालवायचा नसेल तर साधा मार्ग आहे आणि एका तक्त्यासाठी तो जवळपास तितकाच चांगला. दोन्ही फोटोंचा मजकूर वेगवेगळा काढा आणि ओळीशी ओळ लावून ताडा. जिथे दोन्ही सारखे आहेत आणि दोन्ही फोटोंत त्या जागी चकाकी नाही, तिथे मजकूर धरायला हरकत नाही. जिथे फरक आहे तिथे फोटो उघडा आणि ज्यात पट्टा त्या जागी नाही त्याचे ऐका. एकात ‘मंजूर’ आणि दुसऱ्यात ‘मजूर’ आले तर टिंब असलेला पाठ बहुधा खरा असतो. चकाकी खुणा खाते, नव्या तयार करत नाही. अपवाद लॅमिनेशनखाली अडकलेल्या कचऱ्याच्या कणाचा किंवा टाचणीच्या भोकाचा. तो कण दोन्ही फोटोंत त्याच जागी दिसतो, आणि शिरोरेषेपासूनचे त्याचे अंतर शेजारच्या अनुस्वारांशी जुळत नाही.

वाचताना टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती वापरत असाल तर पानभर एकच सीमारेषा लावण्याऐवजी जागोजागी वेगळी लावायला सांगता येते:

```
tesseract ekatra.png takta -l mar+eng --psm 6 -c thresholding_method=2
```

तक्त्याचे रकाने एकत्र देऊ नका. सेवेचे नाव, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी असे उभे तुकडे कापून एकेक द्या. नाहीतर ओसीआर आडवे वाचत जाते, रकान्याच्या उभ्या रेघेला काना किंवा दंड समजते, आणि मग गळालेले अक्षर कुठले व उपटलेले कुठले याचा गोंधळ होतो.

पुन्हा गेलात तर

आधी मोबाइल खिशात ठेवा. जिथून फोटो काढणार तिथे डोळा नेऊन तक्त्याकडे आरसा म्हणून पाहा, अक्षरांकडे नाही. ट्यूब, खिडकी, दार त्यात कुठे दिसते ते शोधा. ट्यूब बंद करता येत असेल आणि दिवसाचा उजेड बाजूने येत असेल तर ट्यूब बंद करणे हा सर्वांत चांगला उपाय, आणि ग्रामपंचायतीत कुणी नाही म्हणत नाही. फ्लॅश सक्तीने बंद करा, ‘ऑटो’वर ठेवू नका. स्कॅनर ॲप स्वतःहून फ्लॅश लावू शकते, त्यामुळे साधा कॅमेराच वापरा.

मग मागे सरका. बहुतेक जण अक्षरे मोठी यावीत म्हणून तक्त्याला भिडतात, आणि तिथेच चूक होते. समोरची भिंत तक्त्यापासून ३ मीटरवर आहे असे धरा. मोबाइल अर्ध्या मीटरवर असेल तर ४२ सेंटिमीटर रुंदीच्या तक्त्यात त्या भिंतीचा जवळपास ३ मीटर रुंद भाग प्रतिबिंबित होतो. एवढ्यात ट्यूब आणि खिडकी दोन्ही येणारच. मोबाइल दीड मीटरवर नेला तर तो भाग सव्वा मीटरवर येतो. तेवढा रिकामा भाग भिंतीवर सापडू शकतो. मागे गेल्यावर दुप्पट झूम वापरा, पण फोनला वेगळी झूम लेन्स असेल किंवा मुख्य कॅमेऱ्याची पिक्सेलसंख्या भरपूर असेल तरच. दूर गेल्याने तुमची सावलीही तक्त्यावरून निघते किंवा पुष्कळ मऊ होते.

ट्यूब बंद होत नसेल तर मोबाइल वर किंवा खाली न्या. ट्यूब ३ मीटरवर आणि मोबाइल १ मीटरवर असताना मोबाइल २० सेंटिमीटर खाली नेला की पट्टा तक्त्यावर १५ सेंटिमीटर खाली सरकतो. आडव्या ए-३ ची उंची ३० सेंटिमीटर आहे. पट्टा बरोबर मधोमध असेल तर २० सेंटिमीटरने तो खालच्या कडेपर्यंत पोहोचतो, २५ ने नक्की बाहेर जातो. आडव्या ट्यूबसाठी डावी-उजवीकडे सरकणे मात्र व्यर्थ, पट्टा आपल्याबरोबर लांबीनेच सरकत राहतो. उभ्या खिडकीसाठी याच्या उलट. तिरक्या बाजूने काढायचे झाले तर ३० अंशांपर्यंत ठीक, तेवढ्यात रुंदी फक्त १३ टक्के आकसते. ४५ च्या पुढे दूरच्या टोकाची अक्षरे इतकी दाटतात की चकाकीपासून वाचवलेला अनुस्वार तिथे गमावतो.

सगळ्यांत खात्रीचा उपाय काळ्या कापडाचा. मोबाइल तक्त्याच्या बरोबर समोर, मध्यावर धरला तर तक्त्यात दिसू शकणारा सगळा प्रदेश मोबाइलच्या पातळीवर तक्त्याच्या बरोबर दुप्पट असतो, अंतर कितीही असो. ए-३ साठी तो ८४ बाय ६० सेंटिमीटर. एवढे काळे कापड मोबाइलभोवती ताणून धरले आणि मधल्या फटीतून लेन्स काढली की तक्त्यात फक्त काळे कापडच दिसते. ट्यूब चालू असली तरी चालते. काळी छत्रीही पुरते, फक्त ती उघडून मोबाइलच्या लगेच मागे, मोबाइल मध्यावर येईल अशी धरायला दुसरा माणूस हवा. हे दीड मीटरवरून करा. जवळून केले तर कापडच तक्त्यावरचा उजेड अडवते आणि चकाकीच्या जागी सावली येते.

कॅमेऱ्याला लावायचा पोलरायझर फिल्टर पुष्कळ जण सुचवतात. पाण्यावरची चमक तो सुंदर घालवतो, पण पॉलिएस्टरवर त्याचा पूर्ण परिणाम सुमारे ५८ अंश तिरके पाहिल्यावर होतो. समोरून पाहताना तो जवळजवळ निकामी असतो. त्यावर पैसे घालू नका.

एक्स्पोजर स्वतः ठरवा. तक्त्यावर बोट ठेवून एक्स्पोजर कुलूपबंद करा आणि थोडे खाली ओढा, कोरा कागद फोटोत लख्ख पांढरा न दिसता फिकट राखाडी, २०० च्या आसपास, यावा इतके. मग फाइलमध्ये जिथे जिथे २५० च्या वर आकडा आहे तिथे निश्चित चकाकी, आणि ज्या शब्दांना ती जागा शिवते ते सगळे हाताने तपासायचे, अशी यादी आपोआप तयार होते. कागदच २५५ वर असेल तर कोरा कागद आणि गिळलेले अक्षर यांतला फरक नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आणि चार फोटो काढा. एक बरोबर समोरून, एक २५ सेंटिमीटर वरून, एक तेवढाच खालून, आणि चौथा पहिल्याच जागेवरून एक्स्पोजर अगदी खाली, तीन पायऱ्या, ओढून. या चौथ्यात सारा तक्ता काळपट दिसेल, पण वरच्या हिशोबातले ५७६ आणि ५०४ तेव्हा २५५ च्या खाली, दोन वेगळ्या आकड्यांवर उतरतात, आणि पट्ट्याखालची अक्षरे फिकट राखाडी का होईना, दिसू लागतात. निघण्यापूर्वी तिथेच उभे राहून मुदतीचा रकाना फोटोत मोठा करून वाचा आणि प्रत्यक्ष तक्त्याशी आकड्याला आकडा लावून पाहा.